उतार सगळ्या धातूंचा एकच

शिकागो विद्यापीठाच्या रायर्सन प्रयोगशाळेत रॉबर्ट मिलिकन यांनी काचेच्या एका मोठ्या भांड्यातली हवा काढून टाकली होती आणि त्या निर्वात पोकळीत एक सुरी बसवली होती. भांड्याच्या मधोमध एक चाक, चाकावर सोडियम, पोटॅशियम आणि लिथियम या तीन मऊ धातूंचे ओतीव ठोकळे. बाहेरून विद्युतचुंबक फिरवला की आतली सुरी पुढे सरकायची, धातूचा पातळ पापुद्रा खरवडून काढायची आणि मागे हटायची. मग चाक फिरायचं, नुकताच सोललेला, चकचकीत पृष्ठभाग प्रकाशासमोर यायचा आणि मोजमाप सुरू व्हायचं. मिलिकन या उपकरणाला निर्वातातला यंत्रकारखाना म्हणत. १९१६ साली त्यांनी आपले निष्कर्ष ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापले. त्या लेखात त्यांनी आइन्स्टाइन यांचं समीकरण अचूक ठरल्याचं सांगितलं, आणि ते समीकरण ज्या कल्पनेतून आलं ती कल्पना मात्र टिकणारी नाही, असंही त्याच लेखात लिहिलं.

बारावीच्या भौतिकशास्त्रात हा विषय असतो. प्रकाशविद्युत परिणाम, उंबरठा वारंवारता, निरोधी विभव (वर्गात बहुतेक जण त्याला ‘स्टॉपिंग पोटेन्शियल’च म्हणतात) अशा व्याख्या पाठ होतात, समीकरणात आकडे घालून गणितं सुटतात. पण ज्या मोजमापामुळे प्रकाशाच्या तरंगवादाला माघार घ्यावी लागली ते मोजमाप नेमकं काय होतं, ते करताना काय काय अडलं, आणि मोजणाऱ्यालाच ते का पटत नव्हतं, हे पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपतं. मला या सगळ्या कथेत सर्वांत मोलाची वाटते ती एक सरळ रेषा, आणि तिचा उतार. बाकीचं सगळं तिच्याकडे नेणारी वाट आहे.

सुरुवात १८८७ साली जर्मनीतल्या कार्ल्सरुहं इथे झाली. हाइनरिख हर्ट्झ त्या वेळी विद्युतचुंबकीय लहरी हवेतून जातात हे दाखवणारे प्रयोग करत होते. एका ठिकाणी मोठी ठिणगी पाडायची आणि दूर ठेवलेल्या तारेच्या कड्यातल्या बारीक फटीत त्या लहरींमुळे दुसरी, छोटी ठिणगी पडते का ते पाहायचं. छोटी ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यांनी तिच्याभोवती काळोखी पेटी ठेवली, तर ठिणगीची लांबी कमी झाली. मोठ्या ठिणगीचा उजेड अडवला की छोटी ठिणगी रोडावते, असं त्यांच्या लक्षात आलं. मध्ये काच धरली तरी ती रोडावत असे, पण क्वार्ट्झचा तुकडा धरला तर फरक पडत नसे. काच अतिनील किरण अडवते, क्वार्ट्झ ते जाऊ देतो. म्हणजे करामत अतिनील प्रकाशाची होती. हर्ट्झ यांनी निरीक्षण प्रामाणिकपणे नोंदवलं आणि ते आपल्या मूळ कामाकडे वळले.

पुढच्याच वर्षी विल्हेल्म हालवाक्स यांनी प्रयोग आणखी साधा केला. घासून स्वच्छ केलेली जस्ताची पट्टी ऋण भाराने भारित केली आणि तिच्यावर अतिनील प्रकाश टाकला. भार ओसरला. तीच पट्टी धन भारित केली, तर काही घडेना. प्रकाशामुळे धातूतून ऋण भार बाहेर पडतो, एवढं स्पष्ट झालं. तो भार वाहून नेणारे कण म्हणजे इलेक्ट्रॉनच, हे जे. जे. थॉमसन यांनी १८९९ साली दाखवलं. इथवर तरंगवादाला कसलाच धोका नव्हता. प्रकाशाची लहर म्हणजे विद्युतक्षेत्राची दोलनं; ती धातूतल्या इलेक्ट्रॉनना हिसके देणार आणि पुरेसे हिसके बसले की इलेक्ट्रॉन बाहेर पडणार. यात नवल ते काय, असंच कोणालाही वाटलं असतं.

अडचण आली ती बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजायला लागल्यावर. ही ऊर्जा मोजायची कशी? दगड सरळ वर भिरकावला आणि तो किती उंच गेला हे पाहिलं, तर हातातून सुटताना त्याचा वेग किती होता ते कळतं. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत ती उंची व्होल्टमध्ये मोजतात. निर्वात नळीत एका बाजूला प्रकाश पडणारा धातू आणि समोर इलेक्ट्रॉन गोळा करणारी पट्टी, म्हणजे संग्राहक. संग्राहकाला बॅटरीचं ऋण टोक जोडलं की तो इलेक्ट्रॉनना मागे ढकलू लागतो. कमी वेगाचे इलेक्ट्रॉन अर्ध्या वाटेतून परततात, वेगवान असतात ते तरीही पोहोचतात. व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं की पोहोचणारे कमी कमी होत जातात, प्रवाह घटत जातो आणि एका क्षणी शून्य होतो. प्रवाह जिथे शून्य होतो ते व्होल्टेज म्हणजे निरोधी विभव. सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनलाही ज्याने थोपवलं, असं ते व्होल्टेज. ते १ व्होल्ट भरलं तर सर्वांत जोरकस इलेक्ट्रॉनची ऊर्जा १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होती, २ भरलं तर २. इतका सरळ हिशेब.

सर्वांत वेगवान, हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकाच रंगाच्या प्रकाशानेही सगळे इलेक्ट्रॉन सारख्या वेगाने निघत नाहीत. कुणी पृष्ठभागालगतचा असतो, कुणी खोलातून येता येता धडकत धडकत ऊर्जा गमावतो. म्हणून सरासरीकडे पाहून फारसं हाती लागत नाही. ज्याने वाटेत काहीच गमावलं नाही तोच प्रकाशाने दिलेल्या ऊर्जेबद्दल खरी साक्ष देतो, आणि निरोधी विभव नेमका त्यालाच गाठतो.

कील विद्यापीठात फिलिप लेनार्ड यांनी हीच पद्धत वापरून १९०२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रकाशासाठी त्यांच्याकडे कार्बनचा विजेचा कमानी दिवा होता. दिव्याचं अंतर आणि प्रवाह बदलून त्यांनी प्रकाशाची तीव्रता हजारपट कमीजास्त केली. प्रवाह त्या प्रमाणात बदलला, म्हणजे इलेक्ट्रॉनांची संख्या तीव्रतेनुसार वाढली किंवा घटली. पण निरोधी विभव तिथल्या तिथेच राहिला. मंद प्रकाशातून निघालेला सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉन आणि हजारपट प्रखर प्रकाशातून निघालेला सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉन, दोघांची ऊर्जा सारखीच. दिव्याचा प्रकार बदलला, म्हणजे प्रकाशातल्या रंगांची भेळ बदलली, की मात्र ऊर्जा बदलायची.

तरंगवादाला हे का पचत नाही ते पाहू. लहरीची ऊर्जा तिच्या उंचीत असते. प्रखर प्रकाश म्हणजे उंच लहर, म्हणजे जास्त जोरदार विद्युतक्षेत्र. क्षेत्र जोरदार असेल तर इलेक्ट्रॉनवरचं बल जास्त, आणि बल जास्त तर बाहेर पडतानाचा वेगही जास्त असायला हवा. प्रकाश हजारपट केल्यावर निरोधी विभव जागचा हलत नाही, हे या चित्रात बसतच नाही. लहरीची उंची काहीही असो, इलेक्ट्रॉनला मिळणारा वाटा तेवढाच, असं का व्हावं?

वेळेचा हिशेब तर आणखी बिकट आहे. तो एकदा आकडे घालून करून पाहण्यासारखा आहे. सोडियममधून इलेक्ट्रॉन सोडवायला किमान २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. या किमान ऊर्जेला त्या धातूचं कार्यफल म्हणतात. समजा १ वॅट शक्तीचा जांभळा प्रकाश सगळ्या दिशांना सारखा पसरतो आहे आणि सोडियमचा तुकडा १ मीटरवर आहे. लहर सलग असेल, तर तिची ऊर्जा धातूच्या पृष्ठभागावर सगळीकडे सारखी वाटली जाणार. एका अणूच्या वाट्याला त्याच्या आकाराएवढ्या क्षेत्रावर पडणारी ऊर्जाच येणार. अणूची त्रिज्या मीटरचा साधारण दहा अब्जावा भाग. उदारपणे मानू की अणूवर पडलेली सगळी ऊर्जा एकाच इलेक्ट्रॉनने घेतली, त्यातली थोडीही शेजाऱ्यांकडे गळाली नाही. तरी २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट साठायला दीडशे सेकंद लागतात, म्हणजे अडीच मिनिटं. प्रकाश हजारपट मंद केला तर जवळपास पावणेदोन दिवस. दिवा लावल्यानंतर पहिला इलेक्ट्रॉन निघायला पावणेदोन दिवस!

प्रत्यक्षात दिवा लागताच प्रवाह दिसतो. १९२८ साली अर्नेस्ट लॉरेन्स आणि जेसी बीम्स यांनी हा विलंब खास मोजायचा प्रयत्न केला आणि तो असलाच तर सेकंदाच्या तीन अब्जांशांपेक्षा कमी असला पाहिजे, असं त्यांना आढळलं. अडीच मिनिटं कुठे आणि सेकंदाचे तीन अब्जांश कुठे. एखाद-दुसऱ्या सुधारणेने भरून निघेल असं हे अंतर नाही.

तिसरी गोष्ट उंबरठ्याची. प्रत्येक धातूसाठी प्रकाशाची एक किमान वारंवारता असते. तिच्याखालच्या वारंवारतेचा प्रकाश कितीही प्रखर असला, कितीही वेळ टाकला, तरी इलेक्ट्रॉन निघत नाहीत. सोडियमसाठी ही सीमा हिरव्या रंगाच्या आसपास आहे. पाऱ्याच्या दिव्यातली हिरवी रेषा जवळपास उंबरठ्यावरच पडते, निळी आणि जांभळी रेषा आरामात पलीकडे जातात, आणि तांबडा प्रकाश कायम बाहेरच राहतो. जस्ताचा उंबरठा आणखी वर, अतिनील भागात. म्हणूनच जस्ताची पट्टी वापरणाऱ्या हालवाक्स यांना अतिनील प्रकाशाची गरज पडली. तरंगाच्या चित्रात असा उंबरठा असायचं कारणच नाही. तांबड्या प्रकाशातही ऊर्जा असतेच. थोडा जास्त वेळ दिला, थोडी तीव्रता वाढवली, की इलेक्ट्रॉनची शिदोरी भरायला हवी.

तरंगवाद मानणारे शास्त्रज्ञ मात्र हात बांधून बसले नव्हते, हे इथे सांगितलंच पाहिजे. पाठ्यपुस्तकं वाचून असं वाटतं की लेनार्ड यांचे निष्कर्ष आले आणि तरंगवाद कोसळला. तसं झालं नाही. खुद्द लेनार्ड यांनी एक चतुर उत्तर शोधलं होतं. इलेक्ट्रॉनला बाहेर पडण्याची ऊर्जा प्रकाश देतच नाही, असं त्यांचं म्हणणं. इलेक्ट्रॉन अणूच्या आत आधीपासूनच वेगाने फिरत असतो. बाहेरच्या लहरीची वारंवारता त्याच्या फिरण्याच्या वारंवारतेशी जुळली की प्रकाश फक्त त्याला मोकळं करतो. ऊर्जा अणूच्या पोटातली, प्रकाश केवळ निमित्त. मग तीव्रतेने वेग का बदलत नाही हे आपोआप समजतं, कारण वेग आधीच ठरलेला आहे. ऊर्जा साठवायचीच नसल्यामुळे विलंबाचा प्रश्नही उरत नाही. अनेक वर्षं बऱ्याच भौतिकशास्त्रज्ञांना हे स्पष्टीकरण पुरेसं वाटत होतं, आणि त्या काळचा विचार केला तर ते वाटणं अगदी समंजस होतं.

म्हणजे तीव्रतेचा प्रयोग एकटा निर्णय देऊ शकत नव्हता. निर्णय देणारा प्रश्न वेगळा होता: वारंवारता वाढवली की निरोधी विभव नेमका कसा वाढतो? आणि धातू बदलला तर त्या वाढीत काय फरक पडतो? लेनार्ड यांच्या कल्पनेनुसार हे त्या त्या अणूच्या आतल्या रचनेवर अवलंबून असायला हवं. सोडियमच्या अणूतली इलेक्ट्रॉनची चाल वेगळी, लिथियमच्या अणूतली वेगळी. सगळ्या धातूंचं उत्तर एकच यावं, असं म्हणायला तिथे काही आधार नव्हता.

हाच प्रश्न बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५च्या मार्चमध्ये सोडवला, तेही कोणताही प्रयोग न करता. त्यांनी सुचवलं की प्रकाशाची ऊर्जा अवकाशात सलग पसरलेली नसते. ती ठरावीक मापाच्या पुंजांमध्ये असते, आणि प्रत्येक पुंजाची ऊर्जा फक्त त्याच्या वारंवारतेवर ठरते. प्लांक यांनी १९०० साली तापलेल्या पोकळीतल्या प्रारणाचं गणित सोडवताना जो स्थिरांक आणला होता, तो h, वारंवारतेला गुणला की पुंजाची ऊर्जा मिळते. एक पुंज एकाच इलेक्ट्रॉनला आपली सगळी ऊर्जा देऊन टाकतो. त्यातली φ एवढी, म्हणजे कार्यफलाइतकी, धातूतून सुटण्यात खर्च होते आणि उरलेली वेगाच्या रूपात इलेक्ट्रॉनजवळ राहते. निरोधी विभव V ती उरलेली ऊर्जा मोजतो:

eV = hν − φ

यात ν म्हणजे प्रकाशाची वारंवारता आणि e म्हणजे इलेक्ट्रॉनवरचा भार. या एका ओळीतून तिन्ही कोडी सुटतात. प्रखर प्रकाश म्हणजे जास्त पुंज, मोठे पुंज नव्हेत. म्हणून इलेक्ट्रॉन वाढतात पण प्रत्येकाची ऊर्जा तेवढीच राहते. पुंजाची ऊर्जा कार्यफलापेक्षा कमी असेल तर कितीही पुंज ओतले तरी उपयोग नाही, तोच उंबरठा. आणि पुंज आला की सगळी ऊर्जा एकदम मिळते, साठवत बसावं लागत नाही. मघाच्या आपल्या १ वॅटच्या दिव्याचंच पाहा. १ मीटरवरच्या १ चौरस सेंटिमीटर जागेवर दर सेकंदाला साधारण १६ लाख कोटी जांभळे पुंज आदळतात. त्यांतले बहुतेक इलेक्ट्रॉन न सोडवताच शोषले जातात किंवा परावर्तित होतात, तरी पहिला इलेक्ट्रॉन निघायला वाट पाहावी लागत नाही. प्रकाश हजारपट मंद केला तरीही दर सेकंदाला १,६०० कोटी पुंज उरतातच.

पण या समीकरणाची खरी ताकद भाकितात होती. आडव्या अक्षावर वारंवारता आणि उभ्या अक्षावर निरोधी विभव मांडा. सरळ रेषा यायला हवी, आणि तिचा उतार h भागिले e एवढा यायला हवा. धातू बदलला की φ बदलेल, रेषा वर किंवा खाली सरकेल, पण उतार जराही बदलणार नाही. सोडियम असो वा लिथियम, उतार एकच. आइन्स्टाइन यांनी हे १९०५च्या लेखात स्वच्छ लिहून ठेवलं. त्या वेळी ते तपासायला लागेल इतका चांगला विदा कुणाकडेही नव्हता. आइन्स्टाइन यांना फक्त एवढंच म्हणता आलं की आपल्या समीकरणातून येणारं सुमारे ४.३ व्होल्ट हे उत्तर लेनार्ड यांच्या मोजमापाच्या पट्टीत बसतं.

ही रेषा काढणं कागदावर सोपं वाटतं, पण प्रत्यक्षात तिच्यापायी अनेकांची वर्षं गेली. मिलिकन तर नंतर सांगत की या समीकरणाच्या मागे आपली दहा वर्षं गेली. अडथळे कोणते होते ते समजलं की ती सुरी तिथे का होती हेही समजतं.

पहिला अडथळा धातूच्या पृष्ठभागाचा. सोडियमसारखा धातू हवेच्या अंशमात्र संपर्कातही गंजतो. ऑक्साइडचा अतिपातळ थर चढला की कार्यफल बदलतं आणि आज मोजलेला निरोधी विभव उद्या मोजलेल्याशी जुळत नाही. निर्वात पोकळीतही थोडे वायूचे रेणू उरतातच, त्यामुळे एकदा स्वच्छ करून काम भागत नाही. म्हणून सुरी. मोजमापाच्या लगेच आधी, निर्वातातच, पृष्ठभाग नव्याने सोलायचा. सोडियम आणि लिथियम निवडण्यामागे आणखी एक कारण होतं. त्यांचा उंबरठा दृश्य प्रकाशात असल्यामुळे वारंवारतेचा लांब पट्टा मोजायला मिळतो. रेषा जेवढी लांब, तेवढा तिचा उतार भरवशाचा.

दुसरा अडथळा प्रवाह शून्य होण्याच्या जागेचा. प्रकाशाचा थोडा अंश उसळून संग्राहकावर पडतोच. तो संग्राहकही धातूचा असेल तर त्याच्यातूनही इलेक्ट्रॉन निघतात आणि उलट्या दिशेने वाहू लागतात. मग प्रवाह शून्यावर ठाम थांबत नाही. घसरत घसरत शून्याखाली उणे बाजूला जातो, आणि निरोधी विभव नेमका कोणत्या बिंदूवर मानायचा यावरच वाद होतो. मिलिकन यांनी संग्राहक तांब्याच्या जाळीचा केला आणि तिच्यावर ऑक्साइड चढवला, कारण त्यांनी वापरलेल्या प्रकाशाला तो जवळपास दाद देत नव्हता.

तिसरा अडथळा भटक्या प्रकाशाचा. पाऱ्याच्या दिव्यातून मोनोक्रोमेटरने एकच रेषा निवडली तरी तिच्याबरोबर जास्त वारंवारतेचा थोडासा प्रकाश सरकून येतो. निरोधी विभव सर्वांत जोरकस इलेक्ट्रॉनवर ठरत असल्यामुळे हा चिमूटभर प्रकाशसुद्धा आकडा फुगवतो. ओळखायचं कसं? कमी तरंगलांबीचा प्रकाश गाळणारी काच मध्ये धरायची. विभव खाली आला तर समजायचं की आधीचा आकडा पाहुण्या प्रकाशाचा होता.

चौथा अडथळा सर्वांत सूक्ष्म आहे, आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळांमध्ये आजही त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. दोन वेगवेगळे धातू तारेने जोडले की बॅटरी नसतानाही त्यांच्या पृष्ठभागांमध्ये थोडा विभवाचा फरक आपोआप निर्माण होतो. याला संपर्क विभव म्हणतात आणि तो सहज एक-दोन व्होल्ट भरू शकतो, म्हणजे आपण जे मोजू पाहतो तेवढाच. इलेक्ट्रॉनला प्रत्यक्ष थोपवणारं व्होल्टेज म्हणजे मीटरवर दिसणारं अधिक हा छुपा फरक. गणित मांडलं तर चमत्कारिक गोष्ट निघते: मीटरच्या आकड्यांवरून रेषा काढली आणि तिच्यावरून कार्यफल काढलं, तर ते प्रकाश पडणाऱ्या धातूचं निघतच नाही, संग्राहकाचं निघतं. सुदैवाने संपर्क विभव सगळ्या रंगांसाठी सारखाच असतो. त्यामुळे पूर्ण रेषा वर-खाली सरकते, पण उतार अबाधित राहतो. h काढायचा असेल तर काळजी नाही. उंबरठा काढायचा असेल तर संपर्क विभव वेगळा मोजावाच लागतो. मिलिकन यांनी तो त्याच भांड्यात, त्याच ताज्या पृष्ठभागावर मोजायची सोय केली होती.

आता ती रेषा आपणही काढून पाहू. हे आकडे मिलिकन यांच्या वहीतले नाहीत. सोडियमचं कार्यफल २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरून आणि संपर्क विभव वजा करून जे यायला हवेत ते आहेत. पाऱ्याच्या निळ्या रेषेची तरंगलांबी ४३६ नॅनोमीटर, वारंवारता ६.८८ लाख अब्ज हर्ट्झ. निरोधी विभव ०.५४ व्होल्ट. जांभळी रेषा ४०५ नॅनोमीटरची, ७.४१ लाख अब्ज हर्ट्झ, विभव ०.७६. जवळच्या अतिनील पट्ट्यातली ३६५ नॅनोमीटरची रेषा, ८.२१ लाख अब्ज हर्ट्झ, विभव १.१०. आणि दूरची २५४ नॅनोमीटरची रेषा, ११.८२ लाख अब्ज हर्ट्झ, विभव २.५९. पहिल्या आणि शेवटच्या बिंदूत वारंवारता ४.९४ लाख अब्ज हर्ट्झने वाढली आणि विभव २.०५ व्होल्टने. म्हणजे दर एक लाख अब्ज हर्ट्झमागे ०.४१५ व्होल्ट. मधले दोन बिंदू याच रेषेवर बसतात का ते कुणीही कागदावर ताडून पाहावं. या उताराला इलेक्ट्रॉनच्या भाराने गुणलं की h मिळतो: जूल-सेकंदांत दशांश चिन्हानंतर ३३ शून्यं आणि मग ६६. तीच रेषा खाली वाढवत नेली की ती विभवाच्या शून्याला ५.५६ लाख अब्ज हर्ट्झवर छेदते. तो सोडियमचा उंबरठा.

मिलिकन यांच्या हाती खरोखरच अशी रेषा आली. तिच्या उतारावरून त्यांना h ची किंमत त्या वेळच्या एककांत ६.५७ मिळाली आणि चूक अर्ध्या टक्क्याच्या आतली असावी असं त्यांनी म्हटलं. प्लांक यांनी तापलेल्या पोकळीच्या अभ्यासातून काढलेली किंमत ६.५५ होती. एकीकडे भट्टीतल्या प्रारणाचा रंगपट, दुसरीकडे निर्वातात सोललेल्या सोडियमवरून उडणारे इलेक्ट्रॉन. आणि दोन्हीकडून निघणारा आकडा एकच. आजची किंमत ६.६२६ आहे. मिलिकन यांचा आकडा किंचित कमी आला त्यात बराचसा दोष या प्रयोगाचा नव्हता. उतारावरून h काढायला इलेक्ट्रॉनचा भार लागतो, आणि तो त्यांनी आपल्याच प्रसिद्ध तेलथेंबाच्या प्रयोगातून घेतला होता. त्या प्रयोगात हवेच्या चिकटपणाची किंमत थोडी चुकीची धरली गेल्यामुळे भारच जरा कमी आला होता.

लिथियमचा उतारही तोच आला. लेनार्ड यांच्या स्पष्टीकरणाला इथे जागा उरली नाही. ऊर्जा अणूच्या पोटातून येत असती, तर निरनिराळ्या अणूंचे उतार एक कसे आले असते? आणि तो सामाईक उतार प्लांक यांच्या स्थिरांकाशी का जुळला असता?

तरीही मिलिकन यांना प्रकाशाचे पुंज मान्य नव्हते. हा हट्टीपणा नव्हता. व्यतिकरण आणि विवर्तन, म्हणजे दोन प्रकाश एकत्र येऊन काळोखाच्या पट्ट्या पडणं, ही तरंगवादाची शंभर वर्षांची भक्कम कमाई होती आणि पुंजांच्या चित्रातून त्या पट्ट्या कशा निघतात हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. १९१३ साली प्लांक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आइन्स्टाइन यांची प्रशियन अकादमीसाठी शिफारस केली, तेव्हा प्रकाशपुंजांच्या कल्पनेत त्यांचा नेम चुकला असेलही, पण ते फार मनावर घेऊ नये, अशा अर्थाचं वाक्य त्या शिफारसपत्रात घातलं होतं. आइन्स्टाइन यांना १९२१ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं तेही प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमाबद्दल. मिलिकन यांना १९२३ साली मिळालं ते इलेक्ट्रॉनचा भार आणि याच परिणामावरच्या कामाबद्दल. पुंजांकडे बहुतेकांचं मत वळलं ते त्याच सुमारास आर्थर कॉम्प्टन यांनी क्ष-किरणांच्या विखुरण्यात पुंजाला संवेगही असतो हे दाखवल्यावर.

उंबरठ्याच्या नियमालाही मर्यादा आहे. लेसरसारख्या फार तीव्र प्रकाशात एकाच इलेक्ट्रॉनला दोन फोटॉन जवळजवळ एकाच वेळी भेटू शकतात. मग दोघांची मिळून ऊर्जा कार्यफलापेक्षा जास्त भरते आणि उंबरठ्याखालचा प्रकाशही इलेक्ट्रॉन सोडवतो. १९६४ साली हे सोडियमवरच दाखवलं गेलं. कमानी दिव्याच्या जमान्यात इतकी तीव्रता मिळणं शक्य नव्हतं, म्हणून उंबरठा अभेद्य भासला.

दुसरी मर्यादा आणखी खोल आहे. १९६९ साली विलिस लॅम्ब आणि मार्लन स्कली यांनी गणिताने दाखवलं की धातूतल्या इलेक्ट्रॉनना पुंजयामिकीचे नियम लावले आणि प्रकाश मात्र जुनी सलग लहरच मानली, तरी आइन्स्टाइन यांचं समीकरण, उंबरठा आणि तोच उतार मिळू शकतो. म्हणजे मिलिकन यांच्या रेषेने जे खात्रीने बाद केलं ते जुन्या भौतिकशास्त्राचं संपूर्ण चित्र, ज्यात प्रकाश आणि इलेक्ट्रॉन दोन्ही सलग नियमांनी वागत होते. प्रकाश स्वतःच पुंजांचा आहे हे दाखवायला वेगळ्या प्रकारचा पुरावा लागला. १९७७ साली किंबल, डॅजनाइस आणि मँडेल यांनी सोडियमच्याच अणूंमधून निघणारा मंद प्रकाश दोन शोधकांकडे वळवला. सलग लहर दोन्हीकडे वाटली जाते, त्यामुळे दोन्ही शोधक एकाच क्षणी वाजण्याचं प्रमाण एका ठरावीक मर्यादेखाली जाऊ शकत नाही. त्यांच्या मोजणीत ते त्या मर्यादेच्या खाली आलं: एकाने नुकताच फोटॉन टिपला असेल, तर दुसरा त्या क्षणी बहुधा रिकामाच असे.